शून्य केल्विनलाही बर्फाकडे एन्ट्रॉपी शिल्लक कशी?

प्रश्न: "पुस्तकात लिहिलंय परफेक्ट क्रिस्टलची एन्ट्रॉपी 0 केल्विनला शून्य. पुढच्याच पानावर म्हणतात बर्फाची 3.4 जूल राहते. बर्फ क्रिस्टलच आहे ना? मग नियम चुकला की बर्फ? आणि परीक्षेत काय लिहायचं?"

नियमही बरोबर आहे आणि 3.4 पण बरोबर आहे, घोळ आहे तो "क्रिस्टल" या शब्दात. मी सोलापुरात वीसेक वर्षं एम.एस्सी.ला फिजिकल केमिस्ट्री शिकवतोय, त्याआधी काही वर्षं कमी तापमानाच्या कॅलरीमेट्रीवर हात काळे केलेत, आणि दर बॅचला एकतरी पोरगं हाच प्रश्न घेऊन येतंच. बहुतेकांची खरी अडचण नियमाची नसते. एन्ट्रॉपी मोजतात म्हंजे नक्की काय करतात हे कुणी दाखवलेलं नसतं, त्यामुळे 3.4 हा आकडा आकाशातून पडल्यासारखा वाटतो. तिथूनच सुरू करू.

एन्ट्रॉपी मोजायचं मीटर कुठेच मिळत नाही. आपण मोजतो ती उष्णता. नमुना जमेल तितका थंड करायचा, मग थोडी थोडी वीज देऊन गरम करायचा, दर पायरीला किती उष्णता गेली आणि तापमान किती चढलं हे लिहायचं, त्यावरून Cp काढायचा आणि Cp/T चा आलेख काढून त्याखालचं क्षेत्रफळ घ्यायचं. मध्ये बर्फ वितळला तर ती उष्णता भागिले तापमान, उकळला तर तीही तशीच. हे सगळं बँकेच्या पासबुकासारखं आहे बघा. प्रत्येक भरणा लिहिलेला आहे, बेरीज चोख आहे, पण पहिल्या ओळीत ओपनिंग बॅलन्स किती होता हे कुणी मोजलेलंच नाही, ते आपण शून्य धरलंय. का धरलं? तर तिसरा नियम म्हणतो म्हणून. नेर्न्स्टने 1906 मध्ये एवढंच सांगितलं होतं की तापमान शून्याकडे जाताना बदलातली एन्ट्रॉपी शून्याकडे जाते, पुढे प्लांकने ते आणखी ओढून परफेक्ट क्रिस्टलची एन्ट्रॉपीच शून्य धरा म्हटलं.

आता ओपनिंग बॅलन्स खरंच शून्य होता का हे पासबुक बघून कळणार नाही. त्यासाठी आज खात्यात किती पैसे आहेत हे दुसऱ्या खिडकीवर जाऊन विचारावं लागतं. पाण्याच्या बाबतीत ती दुसरी खिडकी म्हंजे वाफ. वाफेचा रेणू सुटा असतो, त्याचं वजन माहीत, तो कसा फिरतो आणि कसा थरथरतो हे स्पेक्ट्रमवरून माहीत, मग स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सने त्याची एन्ट्रॉपी थेट काढता येते, तिथे शून्य केल्विनचा काही संबंधच येत नाही. हा हिशोब 1934 मध्ये झाला होता, 298 केल्विनला आणि 1 ॲटमॉस्फियरला उत्तर येतं 188.7. (एकक सगळीकडे जूल प्रति केल्विन प्रति मोल, पुढे नुसतं जूल म्हणतो, टाईप करून कंटाळा येतो.)

आता पासबुक. कॅलिफोर्नियात बर्कलीला जिऑक आणि स्टाउट या दोघांनी 1936 मध्ये बर्फाचा Cp 15 केल्विनपासून वितळेपर्यंत मोजून काढला. त्यांचे आकडे कॅलरीत होते, मी जूल करून देतो, आणि हे वहीत स्वतः मांडून बघा कारण यातच सगळं आहे. अगदी तळाचा भाग, 0 ते 10 केल्विन, डेबायच्या T³ सूत्राने: 0.09. तिथून वितळेपर्यंत आलेखाखालचं क्षेत्रफळ: 38.0. वितळताना: 22.0. पाणी 0 अंशापासून 25 अंशाला नेताना: 6.6. 25 अंशाला त्याची वाफ करताना: 147.4. ही वाफ 23.76 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला असते, ती 1 ॲटमॉस्फियरला दाबायची म्हणून R ln(760/23.76) वजा, म्हंजे 28.8 वजा. बेरीज करा.

0.09 + 38.0 + 22.0 + 6.6 + 147.4 − 28.8 ≈ 185.3

खिडकीवर सांगतात 188.7, पासबुकात भरतात 185.3. फरक 3.4. म्हंजे ओपनिंग बॅलन्स शून्य नव्हता, 3.4 होता. आकडा आला तो असा.

इथे कुणीही शंका काढेल की सर, तळाला तर मोजलंच नाही, सूत्र लावलं, चूक तिथेच असेल. चांगली शंका आहे, पण आकडा बघा ना, तो तळाचा भाग सगळा मिळून 0.09 आहे. तो दुप्पट चुकला तरी 0.09 ने चुकणार, 3.4 कुठून येणार? मग वाफ करतानाची 147.4 चुकली असेल, तो सगळ्यात मोठा आकडा आहे. तर एकूण मोजमापाची त्यांनी धरलेली चूक होती 0.2 जूलच्या आसपास. 3.4 त्यात लपत नाही. आणि हीच पद्धत नायट्रोजन, ऑक्सिजन अशांना लावली की दोन्ही खिडक्यांची उत्तरं जुळतात, त्यामुळे पद्धतीवर खापर फोडता येत नाही.

दुसरी शंका सोलापूरकराला हटकून येते, कारण एप्रिलमध्ये पारा 43 वर गेला की दारोदार बर्फाच्या लाद्या दिसतात आणि त्या मध्यभागी दुधासारख्या पांढऱ्या असतात. पोरं म्हणतात त्यात हवा असते, भेगा असतात, क्षार असतात, म्हणून क्रिस्टल परफेक्ट नाही, म्हणून एन्ट्रॉपी उरते. ऐकायला पटतं पण हिशोबात बसत नाही. समजा हजारात एक रेणू चुकीच्या जागी आहे, जे प्रयोगशाळेतल्या बर्फासाठी फारच वाईट झालं, तरी मिश्रणाच्या सूत्राने एन्ट्रॉपी येते 0.07 जूल. 3.4 साठी दर हजारी एक गडबड पुरत नाही, प्रत्येक रेणूने गडबडीत भाग घ्यायला हवा. लादीतली हवा काढून काचेसारखा पारदर्शक बर्फ केलात तरी 3.4 हलत नाही.

मग प्रत्येक रेणू करतो तरी काय?

इथे "परफेक्ट" चा अर्थ नीट घ्यायला पाहिजे. आपल्याकडे जॅकार्डवर विणलेली चादर बघितलीय ना, नक्षीचा एक रिपीट पाहिला की पुढची सगळी चादर न बघता सांगता येते, कारण तोच रिपीट हुबेहूब परत येतो. परफेक्ट क्रिस्टल म्हंजे तेच: एक युनिट सेल सांगितला की सगळा सांगून झाला, मांडणी करायची पद्धत एकच, म्हणून S = k ln W मध्ये W = 1 आणि लॉग शून्य. चमक, आकार, शुद्धता यांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

बर्फात ऑक्सिजनची नक्षी खरंच अशी आहे. प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार ऑक्सिजन, चौफलकाच्या कोपऱ्यांवर, सगळीकडे तेच. एक्स-रेला मुख्यतः ऑक्सिजनच दिसतो, हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन, तो जवळपास दिसत नाही, म्हणून एक्स-रेवाल्यांना बर्फ एकदम परफेक्ट वाटतो. गडबड आहे ती हायड्रोजनमध्ये. दोन शेजारी ऑक्सिजनच्या मध्ये एक हायड्रोजन असतो, पण तो बरोबर मधोमध नसतो, एकाला चिकटून आणि दुसऱ्यापासून लांब. बर्नाल आणि फाउलर यांनी 1933 मध्ये याचे दोन नियम मांडले: दर जोडीच्या मध्ये एकच हायड्रोजन, आणि दर ऑक्सिजनला जवळचे दोन, लांबचे दोन. म्हंजे बर्फातही पाणी H2O च राहतं.

मी वर्गात हे काडेपेटीच्या काड्यांनी करतो, तुम्ही घरी करा. थर्माकोलचे छोटे गोळे म्हणजे ऑक्सिजन, दोन गोळ्यांच्या मध्ये एक काडी. काडीचं गुल ज्या गोळ्याकडे, हायड्रोजन त्याचा. आता अट एकच, प्रत्येक गोळ्याला चार काड्या, त्यातल्या दोघींचं गुल आत, दोघींचं बाहेर. पंधरावीस गोळे जोडले की पोरांच्या लक्षात येतं की शेजारच्या टेबलावरचा सांगाडा अगदी सारखा आहे पण गुलं वेगळीकडे आहेत, आणि दोन्ही बरोबर आहेत, अट दोघांनी पाळलीय. एक टेबल बघून दुसरं सांगता येत नाही. चादरीच्या भाषेत, नक्षी तीच पण एक धागा दर रिपीटला वेगळीकडून जातोय.

किती प्रकारे गुलं लावता येतील हे पाउलिंगने 1935 मध्ये मोजलं, आणि त्याची युक्ती इतकी सोपी आहे की फळ्यावर चार ओळींत संपते. N गोळे असतील तर काड्या किती? दर गोळ्याला चार, पण प्रत्येक काडी दोघांत वाटलेली, म्हणून 2N. प्रत्येक काडी दोन्हीकडून लावता येते, अट विसरलो तर एकूण प्रकार 2 चा 2N वा घात, म्हणजे 4 चा N वा घात. आता एका गोळ्याकडे बघा. त्याच्या चार काड्यांचे प्रकार 16. त्यात एकही गुल आत नाही असा 1, एक आत असे 4, दोन आत असे 6, तीन आत असे 4, चारही आत असा 1. आपल्याला चालतात ते फक्त 6. म्हंजे एखादा गोळा अट पाळेल याची शक्यता 6/16. N गोळ्यांनी पाळायची तर

W = 4^N × (6/16)^N = (3/2)^N

आणि एका मोलसाठी

S = R ln(3/2) = 8.314 × 0.4055 = 3.37

मोजून आलेलं 3.4 च्या थोडं वर, कागदावर आलेलं 3.37. पहिल्यांदा हे मी स्वतः मांडलं तेव्हा बराच वेळ कागदाकडे बघत बसलो होतो, खोटं कशाला बोलू. दर रेणूमागे दीड पर्याय, एवढाच सगळा मामला.

थोडा खडा आहे त्यात. "N गोळ्यांनी पाळायची तर शक्यतांचा गुणाकार" हे तेव्हाच खरं जेव्हा एक गोळा दुसऱ्याला विचारत नाही. पण बर्फात सहा-सहाची कडी असतात, फिरून फिरून तोच गोळा परत येतो, त्यामुळे ते पूर्ण स्वतंत्र नसतात. हे धरून 1966 मध्ये नेगलने जास्त काटेकोर मोजलं, दीडच्या जागी 1.50685 आलं, म्हंजे 3.41 जूल. प्रयोगाची चूक 0.2 असताना 3.37 खरं की 3.41 हे त्या मोजमापातून ठरवता येत नाही, त्यामुळे परीक्षेत 3.37 लिहिलंत तर कुणी काही म्हणणार नाही. आणि हायड्रोजन खरंच असे विखुरलेले आहेत का हे 1949 मध्ये न्यूट्रॉन वापरून जड पाण्याच्या बर्फात बघितलं गेलं, न्यूट्रॉनला तो हायड्रोजन चांगला दिसतो. दर काडीवर दोन जागा, प्रत्येकीत सरासरी अर्धा, असंच चित्र मिळालं.

आता खरा अवघड भाग. इतके सगळे प्रकार असले तरी सगळ्यांची ऊर्जा तंतोतंत सारखी असणार नाही, कुठलातरी एक सगळ्यात खालचा असेलच. मग थंड करत गेलं की बर्फाने तो एक निवडायला पाहिजे आणि W = 1 व्हायला पाहिजे. तिसरा नियम नेमकं हेच म्हणतो. मग बर्फ निवडत का नाही?

कारण त्याला हलता येत नाही. काड्यांचं मॉडेल परत घ्या आणि एकच काडी उलटी फिरवा. लगेच एका गोळ्याला तीन गुलं आणि दुसऱ्याला एक होतं, अट मोडली, हे महागात पडतं. अट न मोडता बदल करायचा तर सहाच्या कड्यातल्या सगळ्या काड्या एकदम फिरवाव्या लागतात, आणि त्या सगळ्या आधी एकाच दिशेने असाव्या लागतात. खऱ्या बर्फात हे काम दोषांमार्फत होतं. कुठेतरी एका काडीवर दोन गुलं किंवा एकही नाही (याला ब्येरुम दोष म्हणतात), किंवा कुठेतरी H3O+ किंवा OH−. असा दोष एकेक पाऊल सरकत जातो आणि मागे काड्या फिरवत जातो. फ्रीजमधल्या बर्फात हे भरभर चालतं. पण तापमान उतरलं की दोषही कमी होतात आणि सरकणंही मंदावतं, आणि शुद्ध बर्फात 100 केल्विनच्या आसपास पोचलात की मांडणी बदलायला तासन् तास लागायला लागतात. त्याच्या खाली ती गोठली. गोठली ती ज्या गोंधळात होती त्याच गोंधळात.

आणि नशीब कसं बघा, नीट मांडणी जिथे सोयीची ठरते ते तापमान आहे 72 केल्विन. म्हंजे बर्फाला निवड करायची वेळ येते 72 ला आणि त्याचे हातपाय 100 लाच बांधलेले. हे 72 कळलं कसं, तर ओसाका विद्यापीठातल्या जपानी लोकांनी 1982 मध्ये पाण्यात अगदी थोडं पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून बर्फ केला. त्यातून OH− चे दोष मिळतात आणि ते थंडीतही सरकत राहतात. तो बर्फ 72 च्या खाली काही दिवस नुसता ठेवून दिला आणि मग गरम केला तर 72 ला Cp ला सणसणीत टोक आलं, हायड्रोजन ओळीने लागलेले होते ते मोडले. त्या बर्फाला आता आइस XI म्हणतात. त्या टोकाखालची एन्ट्रॉपी 3.4 च्या साधारण दोन तृतीयांश भरली. सगळी का नाही भरली? कारण दाण्याचा काही भाग तरीही बदलला नाही. पण मुद्दा सिद्ध झाला, जी शिल्लक दिसत नव्हती ती हलायची सोय केल्यावर बरीचशी बाहेर आली.

हे हलणं-थांबणं मी स्वतः बघितलंय, पण तेव्हा ओळखलं नाही, तोही किस्सा सांगतो कारण त्यातून ओळखायचं कसं ते कळेल. एका लॅबमध्ये होतो, द्रव नायट्रोजनवर चालणारा कॅलरीमीटर, म्हंजे 77 च्या खाली जायचा प्रश्नच नाही. सराव म्हणून शुद्ध पाण्याच्या बर्फाचा Cp काढायला सांगितलं. पद्धत अशी, थोडी वीज द्यायची, बंद करायची, मग तापमान एका जागी स्थिरावलं की वाचायचं. 80 ला काही त्रास नाही. पण शंभरच्या जवळ आलो की वीज बंद केल्यावर तापमान स्थिर होईना, आपोआप हळूहळू वर सरकत राहायचं. मला वाटलं व्हॅक्यूम गळतोय, बाहेरची उष्णता आत येतीय. दोन दिवस ओ-रिंगा बदलल्या, ग्रीस लावलं, थर्मामीटरच्या वायरी परत डाग दिल्या. काही फरक नाही. शेवटी तिथल्या एका जुन्या टेक्निशियननी, जे कधीच जास्त बोलायचे नाहीत, विचारलं, रिकाम्या भांड्याने करून बघितलं का? केलं. रिकाम्या भांड्यात सरकण नव्हती. म्हंजे गळती नव्हती, बर्फच उष्णता सोडत होता.

कारण मी गडबडीत तो झटकन थंड केला होता. भरभर थंड केल्यामुळे हायड्रोजन जरा वरच्या तापमानाच्या गोंधळात अडकले, आणि शंभरजवळ परत थोडेसे हलायला लागले तेव्हा जरा नीट बसायचा प्रयत्न करत होते आणि तेवढी उष्णता सोडत होते. पुढच्या वेळी तोच नमुना रात्रभर 90 च्या आसपास ठेवून मग गरम केला, तर सरकण उलटी झाली, त्याच भागात तापमान किंचित खाली यायला लागलं. उपकरणाची गळती असली तर ती नमुन्याला आधी कसं थंड केलं हे विचारत नाही, रोज एकाच बाजूला सरकते. नमुन्याच्या इतिहासाप्रमाणे दिशा बदलत असेल तर आत काहीतरी गोठतंय किंवा सुटतंय असं समजा. जिऑक-स्टाउटनीही 85 ते 100 च्या भागात समतोल यायला वेळ लागतो असं नोंदवलं होतं. मी ते आधी वाचलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

म्हणून तुमच्या "नियम चुकला की बर्फ" ला माझं उत्तर असं: नियम ज्याला लागू होतो तो पदार्थ आतून समतोलात असला पाहिजे, आणि 10 केल्विनचा साधा बर्फ तसा नाही. तो जवळपास 100 केल्विनच्या हायड्रोजनचा गोंधळ घेऊन 10 केल्विनला बसलाय. थंड होताना जी एन्ट्रॉपी बाहेर पडायला हवी होती ती पडलीच नाही, म्हणून गरम करताना ती परत भरावी लागत नाही, म्हणून पासबुकात तिची नोंद येत नाही. साधा बर्फ हजारो वर्षं ठेवला तर काय होईल असं पोरं विचारतात, तर ते किती थंड, किती शुद्ध आणि किती वेळ यावर अवलंबून आहे, सरसकट उत्तर देता येणार नाही.

एक सावधगिरी. R ln W हे सूत्र पाठ करून दिसेल तिथे लावू नका. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू CO असाही बसू शकतो आणि OC असाही, दोन पर्याय, म्हणून R ln 2 = 5.76 यायला पाहिजे. मोजल्यावर मिळतं साडेचार ते पावणेपाचच्या आसपास. म्हंजे तिथे गोठायच्या आधी रेणूंनी थोडीफार निवड केलेली होती, गोंधळ पूर्ण नव्हता. बर्फाचं 3.37 इतकं छान जुळतं कारण बर्फ गोठतो तेव्हा सगळे चालणारे प्रकार जवळजवळ सारख्याच शक्यतेने हजर असतात, हा योग बर्फाचा आहे, सूत्राचा गुण नाही. दोन्हीतला फरक विचारला तर हे लिहा, परीक्षकाला कळेल की पोराने समजून घेतलंय.

आता परीक्षा. पाच मार्कांना असेल तर नियम लिहिताना "परफेक्ट" आणि "समतोलात" हे दोन शब्द सोडू नका, मग दोन खिडक्यांचे आकडे 188.7 आणि 185.3, मग बर्फाचे दोन नियम, मग 16 पैकी 6, मग R ln(3/2). काढायला जागा असेल तर एक गोळा आणि चार काड्या काढा, दोन बाण आत दोन बाहेर. "अशुद्धीमुळे" हा शब्द मात्र कुठेही लिहू नका, त्यावर मी स्वतः मार्क कापतो.

गणित आलं तर एक चूक हमखास होते. तक्त्यात पाण्याच्या वाफेची एन्ट्रॉपी 188.8 आणि द्रव पाण्याची 69.9 दिलेली असते, आणि हुशार पोरं त्यात वरून 3.4 मिळवतात, अवशिष्ट एन्ट्रॉपी विसरायची नाही म्हणून. ते आकडे आधीच दुसऱ्या खिडकीवरून आलेले आहेत, शिल्लक त्यात धरलेली आहे. (188.7 च्या जागी 188.8 का, तर हल्ली तक्ते 1 ॲटमॉस्फियरऐवजी 1 बारला देतात, बाकी काही नाही.) परत मिळवलंत तर दोनदा धरल्यासारखं होईल. 3.4 कधी मिळवायचा? जेव्हा गणितात तुम्हाला बर्फाचे Cp दिलेत आणि तिथून बेरीज करत वर यायला सांगितलंय, तेव्हाच. आणि विसरलात तर काय बिघडतं हेही बघून ठेवा: हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वाफ होण्याच्या अभिक्रियेत 298 केल्विनला TΔS मध्ये 3.4 × 298, म्हणजे 1 किलोजूलची चूक, आणि समतोल स्थिरांक जवळपास दीडपट कमी येतो. तो दीड कुठला हे ओळखलंच असेल तुम्ही, काड्या मोजतानाचाच 3/2 आहे तो.